दुष्काळी वर्ष धरून मांडलेला हिशेब : जालन्यातील एका अवजार कारखान्याचे कर्जप्रकरण

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत दोन भावांची भागीदारी संस्था ट्रॅक्टरवर चालणारी पेरणी यंत्रे, कल्टिव्हेटर आणि मळणी यंत्रे तयार करते. पत्रा कापण्याचे आणि वाकवण्याचे काम ते आजवर बाहेरून जॉबवर्कने करून घेत होते आणि त्यापोटी वर्षाला सुमारे ३१ लाख रुपये जात होते. ते काम स्वतःच्या शेडमध्ये आणण्यासाठी फायबर लेझर कटिंग मशीन आणि सीएनसी प्रेस ब्रेक घ्यावा, असे त्यांनी ठरवले. एकूण खर्च १ कोटी २० लाख, त्यात बँकेचे मुदत कर्ज ९० लाख आणि स्वतःचे ३० लाख. बँकेत देण्याआधी प्रोजेक्ट रिपोर्ट एकदा पाहून द्या, म्हणून थोरले बंधू तो घेऊन माझ्याकडे आले. बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षे काढल्यानंतर आता मी लघुउद्योजकांची अशी प्रकरणे तपासून देतो. संस्थेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे लाखांत, जवळच्या दशांशापर्यंत घेतले आहेत.

आधी संस्थेची तेव्हाची स्थिती सांगतो. २०२४-२५ मध्ये विक्री ४८० लाख होती. भागीदारांचे १२ लाख वेतन वजा केल्यावर, पण घसारा, व्याज आणि कर वजा करण्याआधी, ४४ लाख उरत होते. या रकमेला मी पुढे कार्यकारी नफा म्हणतो. घसारा १० लाख. एक कोटीच्या कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, मर्यादेपैकी सरासरी ८० लाख वापरात असत, त्यावर दहा टक्क्यांनी ८ लाख व्याज. जुने मुदत कर्ज वर्षाला ९ लाखांनी फिटत होते आणि मार्च २०२७ मध्ये संपणार होते. त्याचे त्या वर्षीचे व्याज २.४ लाख.

या आकड्यांवरून दोन्ही गुणोत्तरे काढू. व्याज भरण्याची क्षमता सांगणारे गुणोत्तर, ज्याला बँकेत आयसीआर म्हणतात, ते म्हणजे घसारा वजा केलेला पण व्याज आणि कर वजा न केलेला नफा भागिले वर्षाचे एकूण व्याज. येथे ३४ भागिले १०.४, म्हणजे ३.२७. कर्जफेडीची क्षमता सांगणारे गुणोत्तर म्हणजे डीएससीआर. त्यात अंशस्थानी करोत्तर नफा, घसारा आणि मुदत कर्जाचे व्याज यांची बेरीज येते, तर छेदस्थानी मुदत कर्जाचे व्याज आणि त्या वर्षी फेडायची मुद्दल. ३१.२ टक्के कर धरून करोत्तर नफा १६.२ लाख येतो, म्हणून अंश २८.६, छेद ११.४ आणि गुणोत्तर २.५१. नवे कर्ज घेण्याआधी संस्था सुस्थितीत होती, याबद्दल शंका नव्हती.

ही दोन गुणोत्तरे एकमेकांची पर्यायी नाहीत आणि प्रत्येकाला काही गोष्टी दिसतच नाहीत. आयसीआरला मुद्दलीचा पत्ता नसतो. तेच कर्ज तीन वर्षांत फेडायचे असो वा सात वर्षांत, पहिल्या वर्षाचा आयसीआर जवळपास तोच राहतो, पण डीएससीआर अर्ध्यावर येऊ शकतो. उलट डीएससीआरच्या छेदात कॅश क्रेडिट येत नाही, कारण ती मर्यादा फिरती असते आणि तिची मुद्दल हप्त्याने फेडायची नसते. तिचे व्याज नफ्यातून आधीच वजा झालेले असते. त्यामुळे ज्या कारखान्याची सीसी कायम काठोकाठ भरलेली आहे, त्याचा डीएससीआर चांगला दिसत असताना आयसीआर मात्र हळूहळू खाली सरकत असतो. जालना, लातूर, परभणी भागातल्या हंगामी धंद्यांत मी हे अनेकदा पाहिले आहे, म्हणून दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवल्याशिवाय मी मत देत नाही.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कर्जाचा आराखडा असा होता : ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्जाची उचल, सहा महिने मोरॅटोरियम म्हणजे मुद्दलीच्या हप्त्यांना सवलत, एप्रिल २०२६ पासून दरमहा सव्वा लाख मुद्दलीचे ७२ हप्ते, व्याजदर १०.५ टक्के. म्हणजे २०२६-२७ हे हप्त्यांचे पहिले पूर्ण वर्ष. त्या वर्षासाठी विक्री ६०० लाख आणि कार्यकारी नफा ७४ लाख धरला होता. ४४ लाख मूळचे, १८ लाख जॉबवर्कची बचत आणि १२ लाख वाढीव विक्रीतून. पुढे नफा दरवर्षी वाढत सहाव्या वर्षी ९६ लाखांपर्यंत जात होता. पहिल्या वर्षी डीएससीआर १.६९ आणि आयसीआर २.८५ येत होता, तर सहा वर्षांच्या डीएससीआरची सरासरी ३.०९ अशी ठळक अक्षरांत छापली होती. सरासरी दीडच्या आसपास आणि कोणत्याही एका वर्षी १.२ च्या खाली नको, अशी साधारण अपेक्षा बहुतेक बँका ठेवतात, जरी ही मर्यादा बँकेगणिक आणि उद्योगागणिक बदलते. तेव्हा तीनच्या वरची सरासरी पाहून दोघे भाऊ निर्धास्त होते.

त्या सरासरीवर मात्र माझा विश्वास बसला नाही, आणि त्याचे कारण आकडेमोडीतच होते. समान मुद्दलीच्या कर्जात दरवर्षी व्याज घटते आणि रिपोर्टमधला नफा दरवर्षी वाढतो. त्यामुळे सहाव्या वर्षी छेद जेमतेम १५.९ लाख उरून गुणोत्तर ४.०६ वर जाते. सहाव्या वर्षीचे हे ४.०६ सरासरीला वर ओढते, पण पहिल्या वर्षी तंगी आली तर त्याचा उपयोग शून्य असतो. कर्ज थकते ते एखाद्या ठरावीक वर्षात, किंबहुना ठरावीक महिन्यात, म्हणून मी सरासरी बाजूला ठेवून सर्वांत मोठ्या भाराचे वर्ष शोधतो. येथे ते वर्ष २०२६-२७ होते, कारण जुन्या कर्जाची ९ लाख मुद्दल आणि नव्याची १५ लाख मुद्दल त्या एकाच वर्षात एकमेकांवर चढत होती. व्याजासह भार ३३.२ लाख. पुढच्याच वर्षी तो २२.२ लाखांवर उतरत होता.

मग त्या एका वर्षाचे आकडे मी नव्याने मांडले. पहिली दुरुस्ती जॉबवर्कच्या बचतीत होती. रिपोर्टने ३१ लाखांच्या बिलातून स्वतःच्या कटिंगचा खर्च १३ लाख वजा करून १८ लाख बचत दाखवली होती. आम्ही वीज, नायट्रोजन आणि ऑक्सिजन, दोन पाळ्यांचे ऑपरेटर, नोझल आणि लेन्स, वार्षिक देखभाल आणि सुरुवातीच्या महिन्यांत वाया जाणारा पत्रा असा एकेक खर्च कागदावर घेतला, तेव्हा तो १७ लाखांवर गेला. बचत १४ लाख उरली. दुसरी दुरुस्ती विक्रीत होती. नव्या मशीनच्या पहिल्याच वर्षात विक्री एक चतुर्थांशाने वाढेल यासाठी रिपोर्टमध्ये एकही ऑर्डर किंवा नव्या डीलरचे पत्र जोडलेले नव्हते. विक्री ५२० लाख धरली. वाढीव ४० लाखांच्या विक्रीतून सुमारे ११ लाख मिळतात, पण मजुरी आणि इतर स्थिर खर्चाची दरसालची वाढ ७ लाख खाऊन टाकते, म्हणून निव्वळ भर ४ लाखांची. कार्यकारी नफा ७४ ऐवजी ६२ लाख झाला.

तिसरी दुरुस्ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती नफा-तोटा पत्रकात शोधून सापडत नाही. विक्री १२० लाखांनी वाढूनही रिपोर्टमध्ये सीसीचे व्याज ८ लाखांवरच थांबले होते. या धंद्यात डीलरला माल उधारीवर द्यावा लागतो आणि पत्र्याचा साठा हंगामाआधी भरावा लागतो, त्यामुळे कच्च्या मालापासून वसुलीपर्यंत पैसा सुमारे चार महिने अडकतो. त्या हिशेबाने १२० लाखांची वाढ म्हणजे ४० लाख रुपये नव्याने अडकणे, आणि ते ठेवायला सीसीत जागाच नव्हती. डीएससीआरच्या सूत्रात या अडकलेल्या पैशासाठी रकाना नाही. नफा वाढतो, गुणोत्तर वाढते आणि खात्यात मात्र पैसे नसतात, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. आमच्या ४० लाखांच्या वाढीलाही साधारण १३ लाख लागणार होते. स्वतःच कटिंग करायचे तर पत्र्याचा साठाही थोडा अधिक ठेवावा लागतो. म्हणून सरासरी सीसी ९५ लाख आणि व्याज ९.५ लाख धरले.

चौथी गोष्ट बोलण्याच्या ओघात बाहेर आली. स्वतःचे ३० लाख कोठून आणणार, असे विचारल्यावर धाकटे बंधू म्हणाले, “बारा आहेत आपल्याजवळ. अठरा पाहुण्यांकडून घेऊ, शेकडा एकानं द्यायला तयार आहेत ते.” शेकडा एक रुपया महिना म्हणजे वर्षाला बारा टक्के, अर्थात २.२ लाख व्याज. रिपोर्टमध्ये हे १८ लाख भागीदारांचे भांडवल म्हणून दाखवले होते. बँकेपासून अशी गोष्ट लपवणे चूक तर आहेच, पण त्याहून मोठे नुकसान स्वतःचे होते, कारण आपणच आपल्याला खोटा हिशेब दाखवतो.

शेवटी उचल. भागीदारी संस्थेत भागीदार वेतनाव्यतिरिक्त नफ्यातून पैसे उचलतात. या दोन घरांची उचल वर्षाला ९ लाख होती, मुलांची शिक्षणे आणि बांधकामाचा एक हप्ता धरून. नफा-तोटा पत्रकात ती खर्च म्हणून येत नाही, भांडवल खात्यातून वजा होते, आणि म्हणून डीएससीआरच्या नेहमीच्या सूत्रात तिला स्थान नाही. तरीही ती रोख बाहेर जाते आणि महाविद्यालयाची फी हप्त्यासाठी थांबत नाही. मी नेहमीचे गुणोत्तर काढून झाल्यावर अंशातून उचल वजा करून दुसऱ्यांदा काढतो.

२०२६-२७ चे चित्र दोन्ही हिशेबांत असे दिसत होते.

| २०२६-२७ (लाख रुपये) | रिपोर्टप्रमाणे | दुरुस्तीनंतर |
|---|---|---|
| कार्यकारी नफा | ७४ | ६२ |
| घसारा | २५ | २५ |
| एकूण व्याज | १७.२ | २०.९ |
| करोत्तर नफा | २१.९ | ११.१ |
| डीएससीआरचा अंश | ५६.१ | ४५.३ |
| डीएससीआरचा छेद | ३३.२ | ३३.२ |
| डीएससीआर | १.६९ | १.३६ |
| उचल वजा करून | – | १.०९ |
| आयसीआर | २.८५ | १.७७ |

या तक्त्यातल्या घसाऱ्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे, कारण त्यावरून गैरसमज फार होतात. घसारा वाढवला की डीएससीआर सुधारतो, असे काही सल्लागार सांगतात. घसारा ५ लाखांनी वाढवला तर नफा तेवढाच घटतो आणि घसाऱ्याच्या रूपाने तेवढीच रक्कम परत मिळवली जाते. खरा फरक पडतो तो वाचलेल्या कराचा, म्हणजे सुमारे १.५६ लाखांचा. त्याच वेळी आयसीआर मात्र खाली येतो, कारण तो घसाऱ्यानंतरच्या नफ्यावर काढलेला असतो. काही बँका आयसीआर घसाऱ्याआधीच्या नफ्यावर काढतात, म्हणून दोन बँकांचे आकडे ताडून पाहण्याआधी सूत्र विचारून घ्यावे.

१.३६ हा आकडा पाहून कदाचित बँकेने कर्ज मंजूर केलेही असते. उचल धरून १.०९ म्हणजे शंभर रुपयांच्या हप्त्यामागे नऊ रुपयांची सवड. हे सारे वर्ष नीट गेले तर. मराठवाड्यात हा “तर” गृहीत धरता येत नाही. २०१२, २०१४, २०१५, २०१८ आणि २०२३ या वर्षांत येथे पावसाने दगा दिला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आधीच्या सलग दोन तुटीच्या पावसाळ्यांमुळेच. या मालिकेत दोन दुष्काळांमधले सर्वांत मोठे अंतर पाच वर्षांचे आहे. तेव्हा साडेसहा-सात वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत किमान एक वाईट पावसाळा येणार, हे धरूनच चालावे लागते. तो कोणत्या वर्षी येईल हे सांगता येत नाही, म्हणून चाचणी सर्वांत नाजूक वर्षावर घ्यावी लागते. अवजारांच्या धंद्यावर त्याचा परिणाम थेट होतो, कारण सोयाबीन हातचे गेले की शेतकरी नवे पेरणी यंत्र घेत नाही, जुन्याचेच फण बदलून वर्ष काढतो. थोरल्या बंधूंना २०१८-१९ ची विक्री विचारली, तर ती आदल्या वर्षापेक्षा पाचव्या हिश्श्याने घटली होती. तोच आकडा चाचणीसाठी घेतला.

येथे जॉबवर्क आणि स्वतःचे मशीन यांतला एक फरक समोर आला, जो बचतीच्या आकड्यामागे झाकला जातो. जॉबवर्कचे बिल विक्रीबरोबर आपोआप कमी होते. काम नाही तर बिल नाही. मशीनचा ऑपरेटर, देखभालीचा करार आणि हप्ता मात्र काम असो वा नसो चालूच राहतात. आधी विक्रीच्या प्रत्येक शंभर रुपयांतून बदलते खर्च जाऊन २८ रुपये उरत होते. मशीन आल्यावर सुमारे ३३ उरणार होते. चांगल्या वर्षी हे पाच रुपये फायद्याचे, पण विक्री घसरली की गमावलेल्या प्रत्येक शंभरामागे २८ ऐवजी ३३ रुपयांचा फटका. विक्री ५२० वरून ४१६ लाखांवर आली तर १०४ लाखांमागे ३४ लाख जातात आणि कार्यकारी नफा २८ लाख उरतो. घसाऱ्यानंतर ३ लाख, त्यासमोर व्याज २०.९ लाख, म्हणजे आयसीआर ०.१४. तोटा १७.९ लाख, अंश १६.३ लाख आणि डीएससीआर ०.४९.

गुणोत्तर एकाच्या खाली गेले म्हणजे नेमके काय होते, हे दोघांना रुपयांत सांगणे मला गरजेचे वाटले. तूट १६.९ लाखांची होती आणि महिन्याचा सरासरी भार २.८ लाख, म्हणजे सहा हप्त्यांइतके पैसे कमी पडणार होते. सीसीत शिल्लक जागा जेमतेम पाच लाख. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते, आणि ते वर्गीकरण एका कर्जापुरते न राहता त्या कर्जदाराच्या त्या बँकेतल्या सगळ्या खात्यांना लागते. सीसी गोठते आणि पुढच्या हंगामाचा पत्रा घ्यायला पैसे उरत नाहीत. पाहुणे तोवर अठरा लाख देऊन बसलेले असणार, त्यांच्याकडे पुन्हा जाता येत नाही.

यावर थोरले बंधू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मशीन घ्यायचंच नाही, असं म्हणता का साहेब?” तसे माझे म्हणणे नव्हते. कटिंग बाहेरून करून घेण्यात माल वेळेवर मिळत नाही आणि हंगामातले पंधरा दिवस वाया जातात, हे त्यांचे दुखणे खरे होते. प्रश्न मशीनचा नव्हता. एकाच वर्षात किती भार एकत्र येतो, एवढाच होता.

पहिला पर्याय मुदत वाढवण्याचा. तो सगळे सुचवतात, पण येथे तो पुरेसा पडत नव्हता. मुदत वाढवून वर्षाची मुद्दल तीन लाखांनी कमी केली तरी सोळा-सतरा लाखांच्या तुटीपुढे ते काहीच नव्हते. शिवाय आयसीआर तिळभरही सुधारत नाही, कारण व्याज तेच राहते. ज्या प्रकरणात दुष्काळी वर्षाचा आयसीआरच कोसळतो, तेथे हप्ता लांबवून उपयोग नसतो, कर्जाची रक्कमच कमी करावी लागते.

म्हणून दोन मशीनपैकी काय आधी हवे, हे ठरवले. ३१ लाखांच्या बिलात २२ लाख कटिंगचे होते आणि उशीरही कटिंगलाच होत असे. प्रेस ब्रेक पुढे ढकलून फक्त लेझर मशीन घेतले, तर खर्च ७२ लाख, कर्ज ५४ लाख आणि स्वतःचे १८ लाख. त्या १८ पैकी १२ जवळ होते आणि उरलेले ६ लाख २०२५-२६ च्या शिलकीतून निघत होते. स्वतःच्या कटिंगचा खर्च १२ लाख धरून बचत १० लाख आणि कार्यकारी नफा ५८ लाख. दुसरी मागणी मोरॅटोरियम सहाऐवजी बारा महिने करण्याची. त्यामुळे दरमहा ७५ हजार मुद्दलीचे ७२ हप्ते ऑक्टोबर २०२६ पासून सुरू होतात आणि जुन्या कर्जाशी त्यांची गाठ फक्त सहा महिने पडते. मोरॅटोरियमच्या काळातही व्याज दरमहा भरावेच लागते, हे येथे विसरू नये. ते आम्ही भारात धरले आहे.

या आराखड्यात २०२६-२७ चा भार १९.६ लाखांवर येतो. साधारण वर्षी अंश ४१ लाख, डीएससीआर २.०९, उचल वजा करून १.६३, आणि आयसीआर २.५३. दुष्काळी चाचणीत कार्यकारी नफा २५ लाख, अंश १५.५ लाख आणि गुणोत्तर ०.७९. अजूनही एकाच्या खालीच, आणि मी ते दोघांपासून झाकले नाही. पण तूट आता ४.१ लाखांची आहे. उचल ९ वरून ५ लाखांवर आणली तर एकूण ९.१ लाख कमी पडतात. पाहुण्यांचे १८ लाख या आराखड्यात मशीनमध्ये गुंतत नाहीत. ते न घेता, वेळ आलीच तर मागता येतील असे ठेवता येतात, आणि ९.१ लाखांसमोर ते पुरेसे आहेत. तीच माणसे आणि तोच पैसा, पण आधीच्या आराखड्यात तो संकट येण्याआधीच खर्च होऊन गेला असता.

दुष्काळ एक वर्ष उशिरा, २०२७-२८ मध्ये आला तर जुने कर्ज संपलेले असते आणि भार १३.८ लाखांवर येतो. त्या वर्षीच्या वाईट विक्रीतही डीएससीआर १.४१ राहतो आणि उचल ५ लाखांवर आवरली तर १.०५. म्हणजे खरा धोका ऑक्टोबर २०२६ ते मार्च २०२७ या सहा महिन्यांत गोळा झाला होता.

व्याजदराचीही चाचणी घेतली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बदलत्या दराची कर्जे ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य मानक दराशी जोडलेली आहेत आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला होता, म्हणून तेवढीच अडीच टक्क्यांची वाढ धरली. नव्या कर्जावर तिचा बोजा सुमारे १.३ लाख, पण ९५ लाखांच्या सीसीवर २.४ लाख. आयसीआर २.५३ वरून २.०५ वर येतो. दर वाढला की सगळे हप्त्याकडे पाहतात, पण या कारखान्यात मोठा घाव सीसीवर बसतो.

बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर आम्ही रिपोर्टचे आकडे आणि आमचे आकडे दोन्ही ठेवले, दुष्काळी चाचणीतल्या ०.७९ सह. त्यांनी ५४ लाख आणि बारा महिन्यांचे मोरॅटोरियम मान्य केले, मात्र हप्ते चालू आहेत तोवर भागीदारांची उचल वर्षाच्या करोत्तर नफ्याच्या निम्म्याहून अधिक नसावी, अशी अट घातली. दोघा भावांना ती जाचक वाटली. मला ती योग्य वाटते, कारण साधारण वर्षीच्या १६.४ लाख नफ्यावर ती जवळपास आजच्याच उचलीला परवानगी देते आणि नफा घटला की आपोआप आवळते.

गुणोत्तरे वर्षातून एकदा, ताळेबंद तयार झाल्यावर निघतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून भावांना सीसी खात्याची एक खूण लिहून दिली. खरीपाच्या अवजारांची डीलरकडची वसुली जुलै-ऑगस्टमध्ये येते आणि रब्बीची व मळणी यंत्रांची डिसेंबरच्या मध्यापर्यंत. या दोन्ही वेळी सीसीची बाकी ७५ लाखांच्या आसपास उतरली पाहिजे. ती ९० च्या खाली येत नसेल, तर पैसा डीलरकडे अडकला आहे किंवा माल गोदामात पडून आहे, मग विक्रीचा आकडा कितीही चांगला दिसो. तसे झाले तर त्याच आठवड्यात उचल थांबवायची, पत्र्याची पुढची खरेदी अर्धी करायची आणि हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन बसायचे. धाकट्या बंधूंनी तो कागद हिशेबाच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.